थायरॉईडची गोळी आणि सकाळची कॉफी: किती वेळ थांबायचं?

प्रश्न: "आई 57 वर्षांची आहे. थायरॉईडची 75 ची गोळी तीन वर्षं चालू आहे. उठल्या उठल्या गोळी घेते आणि दहा मिनिटांत दुधाची कॉफी. परवा कुणीतरी सांगितलं की कॉफी लगेच चालत नाही. खरं आहे का? किती वेळ थांबायचं? बीपीची गोळी आहे, आणि नुकतीच लोहाची सुरू झाली आहे. त्यांच्यासोबत कॉफी चालते का?"

फरक पडतो. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी त्यानंतर एक तासाने. तासभर दम निघतच नसेल तर निदान अर्धा तास, त्याच्या आत नको. पण उद्या सकाळी आईंच्या हातातला कप काढून घेण्याआधी त्यांची फाईल उघडा आणि शेवटचा टीएसएच किती होता ते बघा. टीएसएच म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, औषध कमी पडलं की तो चढतो आणि जास्त झालं की उतरतो. ती तपासणी झाली तेव्हाही कॉफी अशीच दहा मिनिटांत होत होती का, हेही त्यांना विचारा. असं का म्हणतो ते खाली सांगतो, कारण मी पाहिलेले बरेचसे घोटाळे कॉफीपेक्षा कॉफीची वेळ अचानक बदलल्याने झालेले आहेत.

आधी गोळीबद्दल. थायरॉक्सिन हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे तेरा हजार भाग केले तर त्यातला साधारण एक भाग म्हणजे तुमच्या आईंच्या गोळीतलं 75 मायक्रोग्रॅम औषध. गोळीचं बाकीचं वजन म्हणजे नुसता भराव. हे औषध लहान आतड्यातून रक्तात जातं, आणि उपाशीपोटी घेतलं तरी त्यातलं साधारण 60 ते 80 टक्केच आत शिरतं. मुळात मात्रा एवढी बारीक आणि तिच्यातही गळती, त्यामुळे पोटात आणखी काही आलं की हिशेब बिघडतो. पॅरासिटामॉलची गोळी थोडी कमी शोषली गेली तर ताप तासभर उशिरा उतरतो, एवढंच. थायरॉक्सिनच्या बाबतीत मात्र 50, 75 आणि 88 या वेगवेगळ्या मात्रा असतात आणि प्रत्येकीचा रक्तावरचा परिणाम वेगळा दिसतो.

कॉफीचं नेमकं काय होतं, हे इटलीतल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये तपासलं. गोळ्या नीट घेऊनही टीएसएच वरच राहणारे काही रुग्ण त्यांच्याकडे होते, आणि चौकशी केल्यावर कळलं की ही मंडळी गोळीपाठोपाठ एस्प्रेसो घेतात. मग त्यांनी गोळी कधी पाण्याबरोबर, कधी कॉफीबरोबर आणि कधी पाण्याबरोबर घेऊन तासाभराने कॉफी अशी देऊन रक्तातलं औषध मोजलं. कॉफीबरोबर शोषण साधारण पाव ते एक तृतीयांश कमी झालं आणि रक्तात पोहोचायला उशीरही लागला. तासाभराने घेतलेल्या कॉफीने असा फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, मोजकीच माणसं होती. तरी 'एक तास' या सल्ल्यामागे तो एक भक्कम आधार आहे, आणि माझ्या ओपीडीतला अनुभवही त्याच्याशी जुळतो.

यात दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. ती एस्प्रेसो होती, म्हणजे बिनदुधाची. त्यामुळे "आम्ही काळी कॉफी पितो, आम्हाला काय होणार" हे खरं नाही, कॉफी स्वतःच औषधाला अडवते. आपल्या दुधाच्या कॉफीत दुधातलं कॅल्शियम वर आणखी भर घालतं. दुसरं म्हणजे इथे दोष कॅफिनच्या उत्तेजनाचा नाही. औषध आतड्यात कॉफीतल्या घटकांत अडकून राहतं. म्हणून कॅफिन काढलेली किंवा चिकोरी घातलेली कॉफीही मी त्याच नियमात धरतो. चहावर एवढं काम झालेलं नाही, पण आपला चहा म्हणजे अर्धा दूधच. त्यालाही मी तासभर थांबायलाच सांगतो.

आता सुरुवातीला फाईल बघायला का सांगितलं ते. साताऱ्याकडच्या एक जुन्या पेशंट आहेत, वय 61. मी त्यांना मावशीच म्हणतो. त्यांना 75 ची गोळी आणि टीएसएच अनेक वर्षं 2 ते 3 च्या आसपास. कॉफी किंवा चहाला थांबा असं त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही. त्यांचा क्रम असा होता: साडेपाचला गोळी, मग शेजारणीबरोबर कालव्याच्या रस्त्याने फेरी, पावणेसातला घरी आल्यावर चहा. सव्वा तासाचं अंतर फिरण्याने आपोआप राखलं जात होतं.

मग त्या मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला गेल्या. फिरणं बंद, रात्री बाळाबरोबर जागरण, आणि सकाळी जावई डिकॉक्शन टाकून फिल्टर कॉफीचा पेला हातात देणार. गोळीची बाटली त्याच टेबलावर, त्यामुळे गोळी आणि कॉफी एकदमच. चार महिन्यांनी थकवा, बद्धकोष्ठ, पायांवर सूज. टीएसएच आला 8.9. तिथल्या डॉक्टरांनी गोळी 100 केली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रुग्ण म्हणतो गोळी रोज घेतोय आणि कागदावर 8.9 आहे, तर मात्रा वाढवणार नाही तर काय करणार? दोन महिन्यांनी टीएसएच 3.1. सगळे खूश.

मावशी गावी परतल्या आणि पुन्हा साडेपाचची गोळी, फिरणं, मग चहा. फक्त गोळी आता 100 ची. तीन महिन्यांनी माझ्याकडे आल्या त्या छातीत धडधड, झोप नाही आणि हात थरथरतो म्हणून. वजन तीन किलोने उतरलेलं. टीएसएच 0.15. म्हणजे औषध जास्त होत होतं. साठीच्या बाईला असं महिनोन्‌महिने चालू राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून हे वेळेत सापडलं याचं मला बरं वाटलं.

हिशेब अगदी सोपा आहे. कॉफीबरोबर पाव भाग वाया जात असेल तर 75 ची गोळी 56 सारखी वागते, आणि 100 ची 75 सारखी. बंगळूरला 100 बरोबर होती, कारण त्यातली पंचवीस कॉफी खात होती. गावी कॉफी गेली आणि पंचवीस मायक्रोग्रॅम जास्तीचे शरीरात जायला लागले. मी गोळी परत 75 केली, बाकी काही बदललं नाही. सात आठवड्यांनी टीएसएच 2.4.

तुमच्या आईंचा टीएसएच दहा मिनिटांच्या कॉफीसह तीन वर्षं ठीक असेल, तर त्यांची 75 ची मात्रा कॉफी धरूनच ठरलेली आहे. अशा वेळी एकदम तासाचं अंतर ठेवलं तर औषध जास्त होऊ शकतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना सांगून करा आणि वेळ बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. त्याआधी करू नका. थायरॉक्सिनचा अर्धा अंश शरीरातून जायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्या मागून हलतो. पंधरा दिवसांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते आणि त्यावरून पुन्हा मात्रा बदलली की गोंधळ वाढतो.

उलट टीएसएच वरच असेल तर आधी वेळ सुधारा, मात्रा नंतर. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कॉफी लगेच होत होती, आता तासाने करतो, तर सध्या गोळी तीच ठेवून पाहायची का? याला अपवाद आहे. गर्भारपणात, थायरॉईडच्या कॅन्सरनंतर, किंवा टीएसएच फारच चढलेला असताना असं थांबून पाहण्याइतकी सवड नसते. तिथे मात्रेचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. आणि टीएसएच चढला की सगळं खापर कॉफीवरही फोडू नका. आमच्याकडे त्याहून नेहमीचे चोर म्हणजे सकाळी उपाशीपोटी त्याच घोटाबरोबर घेतलेली अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल, कॅल्शियमची गोळी, इसबगोल, आणि आठवड्यातून दोनदा विसरलेली गोळी. शेवटचं तर कुणी कबूलच करत नाही. बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजायला सांगितलं की मग आठवतं.

थायरॉक्सिन शरीरातून हळूहळू जातं, या संथपणाचा एक फायदाही आहे. एखाद्या दिवशी कॉफी आधी होऊन गेली म्हणून काही बिघडत नाही. "आता कॉफी प्यायले, आज गोळी राहू दे" असं मात्र करू नका. त्या दिवशी गोळी अकराच्या सुमाराला, नाश्त्याला दोन-तीन तास झाल्यावर आणि जेवणाच्या तासभर आधी घ्या. शोषण थोडं कमी झालं तरी गोळी बुडण्यापेक्षा ते बरं.

सकाळची कॉफी हलणारच नाही असं असेल तर दुसरा मार्ग रात्रीचा. नेदरलँड्समध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपताना गोळी घेतलेल्यांचे आकडे सकाळी घेणाऱ्यांपेक्षा किंचित चांगलेच निघाले. अट एकच, शेवटच्या घासाला किमान तीन तास झालेले हवेत. आपल्याकडे अडचण तिथेच आहे. नऊला जेवण, साडेदहाला झोप, आणि मध्ये हळदीचं दूध! ज्यांच्याकडे सातला जेवणं उरकतात त्यांना हे छान जमतं. बाकीच्यांना मी सांगत नाही, कारण सकाळची चूक रात्रीवर नेण्यात अर्थ नाही.

मी बहुतेकांना एक साधी युक्ती सांगतो. पहाटे एकदा बाथरूमला उठणं होतंच, तेव्हा गोळी आणि ग्लासभर पाणी उशाशी ठेवा. साडेपाचला गोळी गिळून पुन्हा पडा. साडेसहाला उठलात की कॉफी हक्काची.

लोहाच्या गोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि इथे तुमच्या आईंना दोन्हीकडून सांभाळायचं आहे. एक, लोह आणि थायरॉक्सिन यांच्यात चार तासांचं अंतर हवं, कारण लोह थायरॉक्सिनला कॉफीपेक्षा घट्ट धरून ठेवतं. लोहाची गोळी नुकतीच सुरू झाली आहे म्हणता, तर ती सकाळीच घेत असतील तर कॉफीची वेळ बदलण्याआधी तो क्रम बदला. दोन, कॉफी आणि चहा लोहाचं शोषणही कमी करतात, आणि चहा त्यात कॉफीच्या पुढे आहे. अमेरिकेत 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबरच्या कॉफीने अन्नातल्या लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी कमी झालं, चहाने 64 टक्क्यांनी. त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट पुढे आहे. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काहीच फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाने घेतलेल्या कॉफीने बरोबर घेतल्याइतकंच नुकसान केलं. म्हणजे लोहाच्या बाबतीत कॉफी आधी झालेली चालते, नंतरची जास्त नडते. थायरॉईडच्या गोळीनंतर जो एक तास पुरतो तो लोहानंतर पुरत नाही. तिथे मी दोन तास सांगतो.

म्हणून आईंसाठी साडेअकरा ही वेळ बघा. सहाच्या थायरॉईडच्या गोळीला साडेपाच तास झालेले, सकाळची कॉफी केव्हाच उतरलेली, आणि चारचा चहा अजून लांब. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, शोषण थोडं कमी होईल पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडतं. कॅल्शियमही चालू असेल तर ते लोहाबरोबर नको, रात्रीच्या जेवणात ढकला.

बीपीच्या गोळीला कॉफी अडवत नाही. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या नेहमीच्या गोळ्या कॉफीनंतर नाश्त्याबरोबर घेतल्या तरी चालतात. फक्त घरी बीपी मोजायच्या आधी अर्धा तास कॉफी नको, नाहीतर आकडा थोडा चढा येतो आणि उगाच गोळी वाढते.

तुमच्या आईंच्या वयाच्या बायकांत आणखी एक गोळी सुरू होते, ती म्हणजे हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट. सध्या नसली तरी लक्षात राहू द्या, कारण कॉफीचा सगळ्यात मोठा फटका तिला बसतो. मुळातच ती एक टक्क्याहूनही कमी शोषली जाते, आणि कॉफीबरोबर त्यातलाही निम्म्याहून जास्त भाग जातो. त्या दिवशी ती सगळ्यात आधी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं पडायचं नाही. मग थायरॉईडची गोळी, आणि तिच्यानंतर तासाने कॉफी. उशाशी गोळी ठेवून परत झोपायची माझी वरची युक्ती त्या एका दिवशी चालणार नाही.

बीपीची गोळी सोडली तर आतापर्यंत सांगितलेल्या औषधांना कॉफी आतड्यात अडवते, म्हणून अंतर ठेवलं की प्रश्न मिटतो. काही औषधांचं भांडण मात्र पोटात नसून यकृतात आहे. तिथे "किती वेळ थांबू?" हा प्रश्नच लागू होत नाही, कॉफी किती पिता हे बघावं लागतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक घ्या, लघवीच्या जंतुसंसर्गाला किंवा जुलाबांना सर्रास दिलं जातं. यकृतातलं जे यंत्र कॅफिन मोडून टाकतं त्यालाच ते अडवून धरतं. एरवी पाच-सहा तासांत निम्मं होणारं कॅफिन मग खूप वेळ अंगात रेंगाळतं. दिवसाला पाच कप पिणारा माणूस तिसऱ्या दिवशी झोप नाही, छाती धडधडते, हात कापतात म्हणून येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, गोळी गरम पडली." गोळी गरम पडलेली नसते, कॉफी साठलेली असते. कोर्स संपेपर्यंत एक कपावर या, एवढाच उपाय. अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. लेव्होफ्लॉक्सॅसिनने हा त्रास फारसा होत नाही.

दम्याच्या थिओफिलिनचंही तसंच. ते कॅफिनचं सख्खं भावंड, दोघांचे दुष्परिणाम एकमेकांत मिळतात. आणि मनोविकारासाठी लिथियमवर असलेल्यांना तर मी उलटंच सांगतो: कॉफी पीत असाल तर प्या, पण रोज तेवढीच. कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर जातं, त्यामुळे कुणी एका दिवसात कॉफी बंद केली तर रक्तातलं लिथियम चढू शकतं, आणि त्याची सुरक्षित पट्टी फार अरुंद आहे.

तर आईंचा दिवस असा लावा: सहाला थायरॉईड ग्लासभर पाण्याने, सातला कॉफी, साडेआठला नाश्ता आणि बीपीची गोळी, साडेअकराला लोह, चारला चहा. सहाऐवजी साडेपाच झाले किंवा साडेसहा झाले तरी चालेल. पण आज दहा मिनिटं, उद्या तास, रविवारी कॉफीच आधी, असं नको. सहा ते आठ आठवडे हा क्रम पाळा आणि टीएसएच करा. तपासणीच्या सकाळी गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या. मधल्या काळात धडधड, थरथर, झोप उडणं असं काही वाटलं तर आठवडे मोजत बसू नका, लगेच दाखवा. आणि रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा वरच्या कोपऱ्यात पेनाने दोन वेळा लिहून न्या: गोळी किती वाजता, कॉफी किती वाजता. आमच्यापैकी बरेच जण हे विचारायला विसरतात.